कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं, मग रुग्ण कसे सापडतात?

प्रश्न : भारताने २००५ अखेर कुष्ठरोगाचं निर्मूलन केल्याचं वाचलं होतं. तरी आमच्या तालुक्यात नवे रुग्ण सापडतात. मग देवी रोगासारखा हा रोग गेलाच नाही का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : गेला नाही, आणि गेल्याचा दावाही नव्हता. तेव्हा गाठलेलं उद्दिष्ट एवढंच होतं, की दर दहा हजार लोकांमागे उपचाराखालचे रुग्ण एकापेक्षा कमी असावेत. एकशे दहा कोटींच्या देशात या मापाने लाखभर रुग्ण असले तरी निर्मूलन 'झालं'! माझ्या मते अशा उंबरठ्याला निर्मूलन म्हणणं दिशाभूल करणारं आहे. हे खरं तर नियंत्रणच. रोग सोसण्याइतका खाली आणायचा आणि औषधं, तपासण्या चालू ठेवून तिथेच दाबून धरायचा.

काटेकोर अर्थाने निर्मूलन म्हणजे ठरावीक प्रदेशात नवा संसर्ग शून्यावर येणं. आपल्याकडे नारूच्या बाबतीत ते घडलं. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायल्यावर त्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाबरोबर नारूच्या अळ्या पोटात जात. वर्षभराने हातभर लांब जंत बहुधा पायातून बाहेर पडू लागे. आग शमवायला रुग्ण पाय पाण्यात बुडवी आणि जंत तिथेच नव्या अळ्या सोडी. या रोगावर लस नाही, औषधही नाही. म्हणून रुग्णाला विहिरीत उतरू न देणं, पाणी फडक्याने गाळणं, पाण्यात टेमेफॉस टाकणं आणि पायऱ्या बंद करून पाणी शेंदायची सोय करणं, एवढ्यावरच सगळी भिस्त होती. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला. त्यानंतर तीन वर्षं पाळत ठेवून एकही रुग्ण आढळला नाही, तेव्हा २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. मात्र रोग जगात दुसरीकडे असेपर्यंत तो परत येण्याची शक्यता उरते, त्यामुळे पाळत सोडता येत नाही.

उच्चाटन म्हणजे साऱ्या जगात कायमचं शून्य. देवीचा नैसर्गिक संसर्गाने झालेला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात सापडला आणि १९८० साली उच्चाटन जाहीर झालं. देवीचा विषाणू फक्त माणसातच राहतो आणि अंगावरच्या फोडांवरून रुग्ण ओळखता येतो. रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्यांना लस दिली, की साखळी तुटे. रोग संपल्यावर सर्वांना देवी काढणं थांबवता आलं.

जगभर नारूही त्याच वाटेवर होता. १९८६ साली सुमारे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ साली अवघे १४. पण गेल्या दशकात चाडमध्ये कुत्र्यांतही तो मोठ्या संख्येने आढळू लागला आणि केवळ माणसांवर नजर ठेवून भागेनासं झालं. जगातून नारूचं उच्चाटन अजून झालेलं नाही.

तुमच्या तालुक्यात कोणाच्या त्वचेवर बधिर, फिकट चट्टा दिसला, तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात जरूर पाठवा. तिथे कुष्ठरोगाची औषधं मोफत मिळतात.