रजेच्या ई-मेलची विषयओळ

कागदी अर्जावर आपण वर्षानुवर्षे असे लिहीत आलो आहोत :

विषय : प्रकृती अस्वास्थ्यामुळे दोन दिवसांची रजा मिळणेबाबत.

तिथे ही रचना चालते, कारण अख्खा कागद साहेबांच्या हातात असतो. ई-मेल मात्र आधी यादीत दिसतो. फोनच्या पडद्यावर विषयओळीचे पहिले काही शब्दच मावतात आणि पुढचा भाग कापला जातो. वरील ओळीतले ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे दोन...’ एवढेच दिसले, तर ‘रजा’ हा मुख्य शब्द नजरेआड राहतो. तारीख तर ओळीत नाहीच.

अडचण मराठीच्या स्वाभाविक शब्दक्रमात आहे. आपण कारण आणि विशेषणे आधी मांडतो, मुख्य नाम मागाहून येते आणि शेवटी ‘बाबत’ जोडतो. विषयओळीत हा क्रम उलटावा : आधी रजा, मग तारीख, मग अडणारे काम. ‘मिळणेबाबत’, ‘विनंती अर्ज’ हे शब्द मजकुरात न्यावेत.

एक उदाहरण घेऊ. वडोदऱ्यातील एका कारखान्यात पगारपत्रक तयार करणारा कर्मचारी तापाने आजारी आहे. त्याने सकाळी लिहिले : ‘आज येऊ शकत नाही’. व्यवस्थापकांनी हा ई-मेल दुसऱ्या दिवशी उघडला, तर ‘आज’ म्हणजे कोणता दिवस, हे ई-मेलची तारीख पाहिल्याशिवाय कळणार नाही. शिवाय रजा किती दिवसांची, हेही त्यात नाही. सुधारलेली ओळ अशी :

आजारी रजा : १२ व १३ ऑगस्ट – पगारपत्रक बाकी

ओळ शेवटी कापली गेली, तरी रजा आणि तारखा उरतात. पाठवणाऱ्याचे नाव यादीत दिसतेच, म्हणून ते पुन्हा लिहिलेले नाही. विभागाच्या सामायिक पत्त्यावरून ई-मेल जात असेल, तर मात्र नाव ‘रजा’ या शब्दाच्या लगेच पुढे घालावे. आजाराचा तपशील ओळीत नको, कारण फोनवरची सूचना शेजारी बसलेल्यालाही दिसते. पगारपत्रक कोण पूर्ण करील, हे मजकुराच्या पहिल्या वाक्यात सांगावे.

रजा वाढली, की बहुतेक जण जुन्याच ई-मेलला उत्तर पाठवतात. तेव्हा वर जुन्याच तारखा राहतात आणि १४ तारखेला आपण येणार, असा समज होतो. अशा वेळी नवी ओळ लिहावी :

आजारी रजा वाढवली : १४ ऑगस्टपर्यंत

व्यवस्थापकांना मराठी वाचता येत नसेल, तर त्यांच्या भाषेतही हाच क्रम ठेवावा.

स्वाध्याय : पुढील ओळ सुधारून लिहा. पहिले चार-पाच शब्द सोडून बाकीचे हाताने झाका आणि रजा व तारीख कळते का, ते पाहा.

‘माझ्या तब्येतीच्या कारणास्तव ५ सप्टेंबर रोजी दुपारनंतर अर्ध्या दिवसाची रजा मिळणेबाबत नम्र विनंती’