वाढाव्याचा हिशेब

व्यायामशाळेत नव्याने येणाऱ्या कृश तरुणाला जो पहिला उपदेश मिळतो तो 'भरपूर खा' हा होय. आणि तो सर्वस्वी खोटा नसल्यामुळेच अधिक नडतो. स्नायूंची वृद्धी व्हावयाची तर शरीराला त्याच्या रोजच्या खर्चापेक्षा थोडा अधिक आहार मिळावा लागतो, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो हा 'थोडा' किती असावा याविषयी, आणि तो प्रश्न मनात न आणता मी कोल्हापुरात नोकरीच्या पहिल्या वर्षी जे सुमारे पाच महिने खाण्यात घालविले, त्यांचा ताळेबंद येथे मांडीत आहे.

कोल्हापुरासारख्या गावी हा प्रश्न मनात न येणे स्वाभाविकही होते. ज्या शहरात मल्लांचा खुराक हा कौतुकाचा आणि अभिमानाचा विषय, तेथे पहाटे गंगावेशीतील दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन आलेल्या मुलाला कोण टोकणार? परंतु तालमीतला पैलवान पहाटे आणि सायंकाळी जोर, बैठका आणि लढती करून जो घाम गाळतो, त्याच्या हिशेबात तो खुराक बसतो; दिवसाचे आठ तास दप्तरासमोर बसून सायंकाळी तासभर वजने उचलणाऱ्या कारकुनाच्या हिशेबात तो बसत नाही. मी पैलवानाचा खुराक घेतला आणि कारकुनाचे आयुष्य चालू ठेवले. सकाळी दूध व शिकरण, दुपारी तुपाची धार धरलेला भात, सायंकाळी मिसळ नाहीतर दोन वडापाव, आणि रात्री निजताना दुकानदाराने भिडस्त गिऱ्हाईक पाहून गळ्यात मारलेली 'गेनर' नावाची साखरमिश्रित भुकटी, असा तो क्रम होता. व्यायामशाळेतील मित्र याला 'डर्टी बल्क' म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या स्वरात निंदेपेक्षा आदरच अधिक असे.

आरंभी माझे वजन 61 किलो आणि बेंबीच्या रेषेत मोजलेली कंबर 78 सेंटिमीटर होती; अखेरीस वजन 70 वर आणि कंबर 86 वर गेली. नऊ किलो वाढले म्हणून पेढे वाटण्याचेच काय ते बाकी राहिले होते. खरी स्थिती उघड झाली ती पुढे, आहार आवरून व व्यायाम तसाच चालू ठेवून कंबर पुन्हा 78 वर आणली तेव्हा. कारण त्या दिवशी काट्याने दाखविलेला आकडा 63.5 हा होता. कंबर तीच असताना वजन अडीच किलो अधिक, एवढीच त्या साऱ्या उपक्रमाची पक्की कमाई; उरलेले साडेसहा किलो प्रायः मेद आणि काही पाणी. ही कमाई पदरात पडण्यास पाच महिने खाण्याचे आणि जवळजवळ चार महिने उपासमारीचे लागले, आणि त्या चार महिन्यांत व्यायामाची भरभराट तर नव्हतीच, उलट बारवरील वजन राखता राखता नाकी नऊ आले.

असे का व्हावे, हे गणिताने पाहिले म्हणजे ध्यानात येते. स्नायूच्या एक किलो ऊतीत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, आणि प्रथिने दोनशे ग्रॅमच्या आसपास. नवशिक्या पुरुषाने कसून व्यायाम केला तरी महिन्याकाठी किलोभर स्नायू मिळणे हे भाग्याचे लक्षण मानावे, आणि काही वर्षे व्यायाम झालेल्यास त्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे उत्तमोत्तम महिन्यातही शरीर दिवसाला सहासात ग्रॅम प्रथिनेच नव्या स्नायूंत साठविते! या किलोभर ऊतीत साठणारी उष्णता जेमतेम हजार-दीड हजार उष्मांकांची. तिच्या उभारणीचा खर्च सढळ हाताने धरला तरी महिन्याचा आकडा काही हजारांपलीकडे जात नाही. मी मात्र रोज सुमारे हजार उष्मांक, म्हणजे महिन्याला तीस हजार, फाजील खात होतो. किलोभर मेदात सुमारे 7700 उष्मांक साठतात हे लक्षात घेऊन, स्नायूंचा वाटा आणि पचनात व अंगच्या उष्णतेत जाणारा वाटा वजा घालून पाहावे. उरलेल्याचा महिन्याला किलोभराहून अधिक मेद सहज होतो.

यावर कोणी म्हणेल की अधिक खाल्ले तर अधिक स्नायू का होऊ नयेत. स्नायूंच्या वाढीची मर्यादा ताटाने ठरत नाही, व्यायामाच्या ताणाने आणि प्रकृतीने ठरते. कृष्णाकाठी उसाला गरजेहून अधिक पाणी देणाऱ्यांचा ऊस वाढला नाही, जमिनी मात्र खारावल्या, हे आमच्या भागात सर्वांनी पाहिले आहे. तोच न्याय येथे लागू पडतो. त्यातून हे फाजील उष्मांक तळणीतून आणि साखरेतून आलेले असले म्हणजे मेदाचे काम अधिकच सुकर होते. पोटात पिष्ट आणि साखर मुबलक असता शरीर इंधन म्हणून आधी तीच जाळते, आणि सोबत आलेले तेल-तूप जवळजवळ जसेच्या तसे कोठारात टाकते. आहारातील स्निग्धाचे अंगच्या मेदात रूपांतर करण्यास शरीराला फारच थोडा खर्च येतो. वड्यातले तेल आणि पावातले पिष्ट ही जोडी या दृष्टीने फारच एकजुटीने काम करते.

नॉर्वेतील अव्वल दर्जाच्या खेळाडूंवर झालेला, 2013 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. खेळाडूंच्या दोन गटांनी आठ ते बारा आठवडे सारखाच वजनांचा व्यायाम केला. एका गटाने आहारतज्ज्ञाच्या आखणीप्रमाणे, तर दुसऱ्याने आपल्या भुकेप्रमाणे खाल्ले, आणि पहिल्याचा आहार दुसऱ्यापेक्षा रोज सुमारे सहाशे उष्मांकांनी अधिक भरला. अधिक खाणाऱ्यांचे मेदविरहित वजन सरासरी 1.7 किलो वाढले, इतरांचे 1.2 किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. मेद मात्र पहिल्यांचा 1.1 किलो आणि दुसऱ्यांचा केवळ 0.2 किलो वाढला.

मग वाढावा किती ठेवावा? जाणकारांचा आजचा कल असा की वजन टिकवून ठेवणाऱ्या आहारापेक्षा दहा ते वीस टक्के अधिक खावे, आणि वजन आठवड्याला शरीरभाराच्या पाव ते अर्धा टक्का या गतीने वाढावे. जुन्या व्यायामपटूंनी खालच्या टोकाला, किंबहुना त्याहूनही खाली राहावे. माझा खर्च दिवसाला सुमारे 2400 उष्मांकांचा होता. (तो काढण्याची खात्रीची रीत म्हणजे दोन आठवडे नेहमीप्रमाणे खाऊन, लिहून ठेवून, वजन स्थिर राहते का ते पाहणे, सूत्रे केवळ अदमासाची.) दुसऱ्या खेपेस मी वाढावा अडीचशेचाच धरला, आणि अडीचशे उष्मांक म्हणजे फार नव्हेत: म्हशीचे पेलाभर दूध, किंवा चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम शेंगदाणे, एवढेच. हे पाहून प्रथम माझा विश्वास बसेना. इतक्याशा दुधाने काय होणार, असे आपले मन म्हणते, आणि फसगतीचा उगम येथेच असतो.

त्या 63.5 किलोच्या शरीराला आठवड्याला 160 ते 320 ग्रॅमची वाढ हा योग्य वेग होता. घरच्या काट्याला ही वाढ एका दिवसात दिसणे अशक्य, कारण मीठ, पाणी आणि कोठा यांमुळे वजन रोज किलोभर इकडेतिकडे होतेच. म्हणून प्रातर्विधी उरकून, काही खाण्यापिण्यापूर्वी, रोज वजन करून सात दिवसांची सरासरी काढावी, आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करावी. पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे तर बाजूसच ठेवावेत. आहार वाढताच स्नायूंत पिष्टाचा साठा भरतो आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी येते, त्यामुळे तेव्हाची उडी ना स्नायूची असते ना मेदाची. त्यानंतर दोन-तीन आठवडे सरासरी हलली नाही तर शंभर-दीडशे उष्मांक वाढवावेत, अर्ध्या टक्क्याच्या पुढे धावू लागली तर तेवढेच कमी करावेत.

कागदावरचा वाढावा आणि प्रत्यक्ष वाढ यांत सर्वांच्या बाबतीत सारखाच मेळ बसत नाही, आणि त्यात कोणाची लबाडी असतेच असे नव्हे. अमेरिकेत 1999 साली सोळा जणांना आठ आठवडे रोज हजार उष्मांक अधिक खाऊ घातले, तेव्हा कोणाचा मेद अर्ध्या किलोहूनही कमी वाढला, तर कोणाचा चार किलोंवर गेला. फरक मुख्यतः अजाणता होणाऱ्या हालचालींचा होता. म्हणून मित्राच्या ताटाची नक्कल करू नये.

प्रथिनांबाबत दर किलो वजनामागे 1.6 ग्रॅम, फार तर 2.2 ग्रॅम, पुरे होतात. माझ्या वजनाला शंभराच्या आसपास. शाकाहारी घरातही दूध, पनीर, मटकी आणि सोयावडी यांतून एवढी जमतात, भुकटीवाचून अडत नाही.

काट्याच्या जोडीला दोन साक्षीदार अवश्य ठेवावेत: शिंप्याची फीत आणि व्यायामाची वही. वजन किलोभर वाढले, बैठकीच्या बारवरील वजन किंवा आवर्तने वाढली आणि कंबर अर्ध्या सेंटिमीटरने सरकली, तर मामला ठीक चालला आहे. कंबर दर किलोमागे सेंटिमीटरभर किंवा अधिक सुटत असून वहीतील आकडे जागचे हलत नसतील, तर काट्यावर दिसणारी वाढ कशाची आहे ते वेगळे सांगावयास नको. सदरा खांद्यात आणि छातीत दाटतो की विजारीचे बटण आधी कुरकुरते, हेही पाहावे. या रीतीने मी आठेक महिन्यांत 68 किलोंवर पोहोचलो, तेव्हा कंबर 80.5 होती, मागील खेपेच्या मानाने वजन दोन किलो कमी, पण आरसा आणि वही दोन्ही समाधानी.

ज्याच्या पोटावर आधीच मेद आहे, त्याने वाढाव्याच्या नादी लागूच नये. नवखा असेल तर खर्चाइतकाच आहार, पुरेशी प्रथिने आणि व्यायाम यांवरही त्याचे स्नायू वाढतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने आहारात फेरबदल करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि वाढाव्याचा काळ संपवावयाचा केव्हा, तर माझ्या मते कंबर आरंभापेक्षा तीन-चार सेंटिमीटर पुढे गेली की. त्यानंतर काही आठवडे आहार खर्चाच्या थोडा खाली आणावा, म्हणजे चार-चार महिने उपाशी राहण्याची पाळी येत नाही. लग्नसराईत पंगतींमुळे सरासरी एकदम किलोभर चढली तर ताटातले काही कमी करू नये. आठवडाभर नेहमीचे जेवण घ्यावे, त्यात मिठाने धरून ठेवलेले पाणी उतरते, आणि नंतरच्या सरासरीवर निर्णय करावा.