परिचारिकेचा राजीनामा

नोकरी सोडताना जे पत्र लिहून देतात, त्याला राजीनामा म्हणतात. राजीनामा दिला म्हणजे भांडण झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चांगल्या कारणासाठीही नोकरी सोडावी लागते. या धड्यात आपण एका परिचारिकेचा राजीनामा वाचू. परिचारिका म्हणजे नर्स. दवाखान्यात आपण तिला सिस्टर म्हणतो.

ही सिस्टर तालुक्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात आहे. लहान मुलांच्या वॉर्डात तिने चार वर्षे काम केले. तिचा नर्सिंगचा डिप्लोमा झालेला आहे. आता तिला पदवी घ्यायची आहे. डिप्लोमा झालेल्या नर्ससाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्याला पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंग म्हणतात. तिला तिथे प्रवेश मिळाला. कॉलेज १ ऑगस्टला सुरू होणार. तिथे रोज हजर राहावे लागते. नोकरी सांभाळून ते जमायचे नाही.

तिने आधी पेटीतून आपले नेमणूकपत्र काढले. त्यात लिहिले होते, "नोकरी सोडण्यापूर्वी ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी. न दिल्यास तितक्या दिवसांचा पगार कापला जाईल." नोटीस म्हणजे आगाऊ सूचना. ही मुदत कुठे ३० दिवस, कुठे एक महिना, तर कुठे तीन महिने असते. मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नये. आपलाच कागद पाहावा.

ही मुदत कशाला? हिशेब करून पाहू. वॉर्डात दिवसाला तीन पाळ्या. आठवड्याच्या झाल्या २१. एका पाळीला एक सिस्टर धरली आणि वॉर्डात चौघी आहेत असे समजू. प्रत्येकीला आठवड्याला एक सुट्टी. म्हणजे चौघी मिळून २४ पाळ्या करू शकतात. काम निभते. पण एक अचानक गेली, तर तिघींच्या होतात १८. तीन पाळ्या उघड्या पडल्या! त्या रात्री एखाद्या बाळाचे सलाईन संपले, तर बघणार कोण? नवी सिस्टर शोधायला, तिला काम दाखवायला वेळ लागतो. तोच वेळ नोटिशीने मिळतो.

आता दिवस मोजू. सिस्टरने राजीनामा २८ जूनला दिला. दिला तो दिवस धरायचा नाही. २९ आणि ३० जून हे दोन दिवस. पुढे जुलैचे २८ दिवस. झाले ३०. म्हणून तिचा शेवटचा दिवस २८ जुलै. कॉलेज १ ऑगस्टला. मध्ये सामान बांधायला तीन दिवस उरले.

तिने लिहिलेले पत्र असे :

दिनांक : २८ जून २०२५

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक यांस
(मा. मेट्रन यांचेमार्फत)

विषय : उच्च शिक्षणासाठी राजीनामा

महोदय,
मी आपल्या रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात चार वर्षे परिचारिका म्हणून काम करीत आहे. मला पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. कॉलेज १ ऑगस्टला सुरू होते. म्हणून मी नोकरीचा राजीनामा देत आहे.

नेमणूकपत्राप्रमाणे मी आज ३० दिवसांची नोटीस देत आहे. माझा कामाचा शेवटचा दिवस सोमवार, दि. २८ जुलै २०२५ हा राहील. त्या दिवशी मला सकाळची किंवा दुपारची पाळी द्यावी, ही विनंती.

तोपर्यंत मी नेहमीप्रमाणे सर्व पाळ्या करीन. नव्या सिस्टरला वॉर्डाचे काम दाखवीन. औषधांच्या कपाटाची किल्ली व साठ्याची वही मोजून ताब्यात देईन.

मी इथे आले तेव्हा बाळाला सलाईन लावताना माझा हात कापत असे. मेट्रनबाईंनी शेजारी उभे राहून मला शिकवले. रात्री केव्हाही बोलावले तरी डॉक्टर आले. हे मी विसरणार नाही.

कामातून मुक्त केल्याचे पत्र, अनुभवाचा दाखला व माझी मूळ प्रमाणपत्रे मला शेवटच्या दिवशी मिळावीत.

आपली नम्र,
(सही)
कु. अ. ब. क.

पत्र गोड आहे, पण कुठेही गुळमुळीत नाही. तारखेचे वाक्य पुन्हा वाचा. "शेवटचा दिवस २८ जुलै हा राहील." पुष्कळ जण इथे भिडेपोटी लिहितात, "आपल्या सोयीने लवकरात लवकर मोकळे करावे." मग सोय साहेबांची ठरते आणि दिवस पुढे ढकलला जातो. सिस्टरने विनंती केली ती फक्त पाळीची. तीही विचार करून. २८ जुलैची रात्रपाळी संपते २९ च्या सकाळी. मग शेवटचा दिवस कोणता, यावर वाद नको.

आभारही तिने मोघम मानले नाहीत. "आपले उपकार फेडता येणार नाहीत" असे कुणीही लिहील. तिचा कापणारा हात आणि शेजारी उभ्या मेट्रनबाई, हे फक्त तिचेच आहे. वाचणाऱ्याला ते खरे वाटते. मनात काही तक्रार असेल, तर ती या पत्रात घालू नये. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा.

आता सर्वांत मोठी चूक सांगतो. पत्र लिहिले, पण पोच घेतली नाही. आमच्या पाहण्यात हे वरचेवर येते. समजा, सिस्टरने पत्र टेबलावर ठेवले. साहेब रजेवर होते. पत्राची नोंद ३ जुलैला झाली. मग ३० दिवस ४ जुलैपासून मोजले जातील आणि २ ऑगस्टला संपतील. तोवर कॉलेज सुरू झालेले! म्हणून पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक कचेरीत द्यावी. दुसरीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. ती पोच जपून ठेवावी. ईमेलने पत्र पाठवले, तर "मिळाले" असे उत्तर मागून घ्यावे.

नोटिशीच्या दिवसांत रजा घ्यायची असेल, तर आधी लेखी विचारावे. काही ठिकाणी रजेचे दिवस नोटिशीत धरत नाहीत आणि मुदत तितकी वाढते. नोकरीला लागताना बाँड लिहून दिला असेल, तर तोही वाचावा. बाँड असेल तिथे नुसती नोटीस पुरत नाही.

सरकारी नोकरीत रीत निराळी. तिथे राजीनामा मंजूर झाल्यावरच नोकरी सुटते. तोवर कामावर जावेच लागते. आणि तिथे आधी अभ्यासासाठी रजा मिळते का, हे विचारावे. रजा मिळाली तर राजीनाम्याची गरजच नाही.

अभ्यास

१. राजीनामा १० सप्टेंबरला दिला. नोटीस ३० दिवसांची आहे. शेवटचा दिवस कोणता? बोटांवर मोजा. (उत्तर : १० ऑक्टोबर)

२. सिस्टरने शेवटच्या दिवशी कोणते तीन कागद मागितले?

३. घरात कुणाचे नेमणूकपत्र असेल, तर त्यात नोटिशीचे वाक्य शोधा आणि वहीत उतरवून घ्या.