दहाचा हट्ट सोड

अगं, तुझा लेख वाचला. ‘कैरीचं लोणचं वर्षभर टिकवण्यासाठी दहा युक्त्या’. पुरवणीला पाठवायच्या आधी मला दाखवलास ते बरं केलंस, कारण यातल्या दहापैकी फार तर पाच खऱ्या आहेत. रागावू नकोस, ऐक जरा.

दहावा मुद्दा बघ: ‘घरच्या लोणच्याची चव काही न्यारीच!’ ही युक्ती आहे का? नऊवर गाडी अडली आणि तू हे आणून बसवलंस, हो ना? पाचवा, ‘मसाला चांगल्या प्रतीचा वापरा’. असल्या वाक्यांना मी एक कसोटी लावते. ते उलटं करून म्हणून बघायचं. ‘मसाला भिकार वापरा’ असं कुणी सांगेल का गं? नाही ना? मग सरळ वाक्यातूनही वाचणारीला काही मिळत नाही. ‘ताजी कैरी निवडा’ हेही तसंच, पण ते काढू नकोस, त्यात जीव आण. कैरी हाताला घट्ट लागावी, चिरल्यावर आतून पांढरी दिसावी. पिवळसर झाक आली असेल तर ती पिकायला लागलेली असते, तिच्या फोडी लवकर मऊ पडतात. बाजारात उभी असलेली बाई एवढ्यावरून कैरी निवडू शकते.

आता खरी गंमत. तुझा दुसरा मुद्दा कैरी धुऊन पुसण्याचा, तिसरा कोरड्या बरणीचा, आठवा कोरड्या चमच्याचा. वस्तू तीन, पण भानगड एकच: पाणी. लोणच्यात ओल गेली की बुरशी धरते. तिन्ही एकत्र कर. कैरी चिरायच्या आधीच धुवायची, पुसून पंख्याखाली वाळवायची. बरणीला ऊन दाखवायचं. चमचा कोरडा हवा, आणि रोजच्यासाठी थोडं लोणचं छोट्या बरणीत काढून ठेवायचं, म्हणजे मोठी बरणी सारखी उघडत नाही. नववा मुद्दा, बरणी ठेवण्याच्या जागेचा, इथेच एका वाक्यात मावतो: गॅसजवळ नको, तिथे वाफ असते. चमचा लागतो सगळ्यात शेवटी, तरी त्याला इथेच राहू दे. ‘पाणी कुठून कुठून शिरतं’ हे एकदा कळलं की वाचणारी तू न सांगितलेली आणखी एखादी वाटही स्वतः ओळखेल.

आणि इथेच घाई करू नकोस हं. सहावा आणि सातवा, दोन्ही तेलाचे, म्हणून तेही जोडून टाकशील. ते मात्र वेगळेच ठेव. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करायचं, कारण गरम ओतलं तर फोडी शिजून मऊ पडतात आणि मोहरीची डाळ करपून कडवट लागते. फोडींवर तेलाचा थर हवा तो हवेसाठी. तेलातून डोकं वर काढलेल्या फोडीवर बुरशी आधी दिसते. फोडी तेल पितात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणीत डोकावून बघायचं आणि पातळी उतरली असेल तर आणखी गार केलेलं तेल घालायचं. म्हणजे इथे वस्तू एक, पण बिघाड दोन. मुद्दे जोडायचे की तोडायचे हे वस्तूवरून ठरवू नकोस, काय बिघडतं त्यावरून ठरव.

राहिलं मीठ. ‘मिठाचं प्रमाण योग्य ठेवा’ म्हणजे किती गं बाई? लिही ना, एक किलो फोडींना साधारण 200 ते 250 ग्रॅम. कमी पडलं तर कसं कळतं तेही लिही: काही दिवसांत लोणचं फसफसतं, बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. रक्तदाबामुळे मीठ कमी करणाऱ्या घरांत हे प्रमाण कुणी हमखास उतरवणार. त्यांना सरळ सांग, की कमी मिठाचं लोणचं थोडं करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि लवकर संपवायचं. माझ्या मते तुझ्या लेखातली सगळ्यात उपयोगी ओळ हीच ठरेल, आणि आत्ता ती लेखात नाहीच.

झाले किती? कैरी, पाणी, मीठ, गार तेल, तेलाचा थर. लोणचं घालताना जसं घडतं त्याच क्रमाने आले, तेव्हा क्रमही बदलायला नको. सगळे सारख्या लांबीचे करायच्या भानगडीत पडू नकोस. पाण्याला सात-आठ ओळी लागतील, गार तेलाला दोन पुरतील.

शीर्षकातला आकडा सगळं लिहून झाल्यावर घाल. संपादकांनी दहाच मागितले, तर विषय रुंद कर, ‘उन्हाळ्यातली साठवण’ असा. मग पापड, कुरडया, सांडगे यांचे मुद्दे आपोआप येतील आणि ते खरे असतील. पण हा लेख लोणच्याचाच ठेवायचा असेल, तर पाचच पाठव. उद्या संध्याकाळपर्यंत नवा खर्डा दे, मी वाचते. आणि हो, हिंग कुठे गेला तुझा?