मुंबईच्या सभेतील फजिती आणि तिचा धडा

वक्तृत्वस्पर्धेच्या दिवशी शाळेच्या दिवाणखान्यात एक देखावा हमखास दिसतो. नाव पुकारले जाते, एखादा मुलगा व्यासपीठावर चढतो, पहिली दोन वाक्ये बरी म्हणतो आणि तिसऱ्या वाक्याशी येऊन थबकतो. घसा कोरडा पडतो, हातातला कागद थरथरू लागतो, मागच्या बाकांवर खसखस पिकते. खाली उतरताना त्याच्या मनात एवढेच असते की, धरणी दुभंगेल तर बरे! घरी गेल्यावर आईबापही पुष्कळदा, 'पाठ नीट झाले नव्हते,' असा निकाल देऊन मोकळे होतात. परंतु सभेत झालेल्या फजितीची कारणे इतकी सोपी नसतात आणि तिचा उपयोगही तेथेच संपत नाही. ही गोष्ट नीट कळावी म्हणून एका अशाच प्रसंगाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

हा प्रसंग २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईस घडला. फजिती झाली ती मोहनदास करमचंद गांधी या तरुण बॅरिस्टराची. त्यांस सत्ताविसावे वर्ष पुरे व्हावयास सहा दिवस कमी होते. आपल्या आत्मचरित्रात गांधीजींनी ही हकीकत काहीही न लपविता सांगितली आहे.

बोलण्याचा संकोच हा त्यांचा जुनाच विकार होता. विलायतेत शिकत असता व्हेंटनर येथे शाकाहारी मंडळींच्या सभेत ते लिहून आणलेले भाषण वाचावयास उभे राहिले. मजकूर फुलस्कॅपच्या एका पानाहून अधिक नव्हता, परंतु डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते पानही दुसऱ्या गृहस्थास वाचावे लागले. पुढे मुंबईच्या लघुवाद न्यायालयात, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावयास उभे राहताच त्यांचे डोके गरगरू लागले. ते खाली बसले, पक्षकाराचे काम दुसऱ्या वकिलाकडे सोपविले आणि न्यायालयातून लगबगीने निघून गेले.

यावरून कोणी म्हणेल की, या मनुष्यास बोलताच येत नव्हते. परंतु तसे नव्हते. १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे त्यांनी आपल्या देशबांधवांपुढे व्यापारातील सत्य या विषयावर भाषण केले. ते त्यांचे पहिले यशस्वी जाहीर भाषण होय. सभा एका व्यापाऱ्याच्या घरी होती, श्रोते बहुतेक व्यापारीच होते आणि सांगावयाचे ते वक्त्याने आधी पुरते मनात घोळविले होते. मग तीनच वर्षांनी मुंबईस त्यांची वाचा पुन्हा का बसली? या प्रश्नातच आपल्या धड्याचे अर्धे मर्म आहे.

जुलै १८९६ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून स्वदेशी आले. तेथील हिंदी लोकांवर होणारे अन्याय येथील जनतेस कळवावे, हा त्यांचा हेतू होता. प्रथम राजकोटास बसून त्यांनी एक पुस्तिका लिहिली. वेष्टन हिरवे असल्यामुळे तिला 'हिरवी पुस्तिका' असेच नाव पडले. तिच्या दहा हजार प्रती काढल्या. त्या गुंडाळून टपालात टाकण्यासाठी त्यांनी आळीतील मुले जमविली. शाळा नसेल तेव्हा सकाळी दोन-तीन तास काम करावयाचे आणि बक्षीस म्हणून वापरलेली टपालतिकिटे घ्यावयाची, असा करार ठरला. मुलांनी हां हां म्हणता काम उरकले.

नंतर ते मुंबईस फिरोजशहा मेहता यांस भेटले. त्या काळी मुंबईत त्यांच्या शब्दास राजाच्या शब्दाचा मान होता. त्यांनी तत्काळ जाहीर सभा ठरविली. इकडे राजकोटास गांधीजींच्या बहिणीचे यजमान मरणोन्मुख होते. त्यांच्या उशाशी गांधीजींनी अनेक रात्री जागून काढल्या. अखेर ते वारले आणि दुसऱ्याच दिवशी गांधीजींस सभेसाठी मुंबईस निघावे लागले. जागरणाने अंग गळून गेले होते, आवाज घोगरा झाला होता आणि भाषणाचा विचार करावयास फुरसत अशी मिळालीच नव्हती.

सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी पाच वाजता ते मेहतांच्या कचेरीत गेले. भाषण तयार आहे काय, असे मेहतांनी विचारले. आयत्या वेळी बोलावयाचा विचार आहे, असे गांधीजींनी सांगितले. ते मेहतांस मानवले नाही. मुंबईचे बातमीदार भाषणांचे वृत्त नीट देत नाहीत, तेव्हा सभेचा उपयोग व्हावयाचा असेल तर भाषण लिहून काढलेच पाहिजे आणि पहाटेपूर्वी ते छापून झाले पाहिजे, असे त्यांनी बजाविले. हस्तलिखित नेण्यासाठी त्यांचे चिटणीस रात्री अकरा वाजता आले. थकलेल्या त्या तरुणाने तोवर ते पुरे केले होते.

दुसरे दिवशी सभागृह खचाखच भरले होते. मेहता बोलणार म्हटले की विद्यार्थ्यांची झुंबड उडत असे, तशीच ती उडाली होती. ध्वनिक्षेपक तेव्हा नव्हतेच, वक्त्याचा कंठ हेच काय ते साधन. गांधीजी वाचू लागले. आपला आवाज पुढच्या काही ओळींपलीकडे जात नाही, हे त्यांस लगेच उमगले. अंग कापू लागले. मेहता धीर देण्यासाठी, 'मोठ्याने वाचा, आणखी मोठ्याने,' असे पुनःपुन्हा सांगत होते. परंतु त्या प्रत्येक सूचनेबरोबर आवाज चढण्याऐवजी अधिकच खाली गेला. तेव्हा त्यांचे जुने स्नेही केशवराव देशपांडे यांनी भाषण आपल्या हाती घेतले. त्यांचा आवाज या कामास योग्य होता, तथापि श्रोत्यांस धीर नव्हता. 'वाच्छा! वाच्छा!' असा एकच गजर झाला. शेवटी दिनशा वाच्छा उठले आणि त्यांनी तेच भाषण वाचले. सभा चिडीचूप झाली. लोकांनी ते अखेरपर्यंत ऐकले, जागोजाग टाळ्या वाजविल्या आणि अन्यायाच्या वर्णनास धिक्काराचे उद्गार काढले.

आता या फजितीचे पृथक्करण करून पाहू. भीती वाटली की श्वास उथळ होतो, आणि उथळ श्वासावर आवाज उभा राहत नाही. त्यातच हाती कागद असला की मान खाली जाते आणि शब्द श्रोत्यांकडे न जाता कागदावरच पडतो. अशा वेळी कोणी 'मोठ्याने' म्हणून ओरडले की वक्ता श्वास न घेताच गळ्यावर जोर देतो, गळा आवळतो आणि उरलासुरला आवाजही बसतो. म्हणून आपल्या मुलास धीर द्यावयाचा असेल तर सभेत समोरून ओरडू नये. आधीच रिकाम्या दिवाणखान्यात त्याला उभे करून आपण शेवटच्या बाकावर बसावे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान वर करून त्याने आपणाकडे पाहावे आणि श्वास घेऊनच पुढचे वाक्य उचलावे, असा सराव करावा. प्रिटोरियाच्या बैठकीस पुरणारा आवाज मुंबईच्या सभागृहास पुरत नाही, ही गोष्ट सभेपूर्वीच कळलेली बरी. गांधीजींस ती सभेत कळली.

परंतु त्या सायंकाळी दुसरीही एक गोष्ट सिद्ध झाली. कंठ हरला तरी भाषण हरले नव्हते. वाक्ये तीच होती, मुख तेवढे बदलले. मजकूर पोकळ असता तर वाच्छांच्या आवाजानेही तो तरला नसता. गांधीजींसही लाज वाटण्याऐवजी आनंदच झाला, कारण ज्यांचे गाऱ्हाणे सांगावयाचे होते ते सभेच्या कानी पडले होते. पुढे थोड्याच दिवसांनी ते पुण्यास गेले. तेथे रत्नागिरीस जन्मलेले लोकमान्य टिळक आणि आपल्याच जिल्ह्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले या दोघांनीही त्यांस आस्थेने जवळ केले.

त्या लिहिलेल्या कागदाची खरी किंमत मात्र समुद्रापार ठरावयाची होती. हिरव्या पुस्तिकेचा अवघ्या तीन ओळींचा सारांश तारेने विलायतेहून नाताळ प्रांतात गेला होता. मूळ मजकुरात नव्हता इतका भडकपणा त्या तीन ओळींत उतरला होता. गांधींनी हिंदुस्थानात आपली वाटेल तशी नालस्ती केली, अशी तेथील गोऱ्या लोकांची समजूत होऊन ते खवळले. १८९६ च्या डिसेंबरात गांधीजींची आगबोट दरबानच्या बंदराबाहेर पोचली, पण साथीचे निमित्त काढून उतारूंस तेवीस दिवस अडकवून ठेवण्यात आले. १३ जानेवारी १८९७ रोजी ते किनाऱ्यावर उतरले तोच जमावाने त्यांस गाठले. दगड, अंडी, लाथा यांचा मारा झाला. पोलिसप्रमुखाच्या पत्नीने आपली छत्री उघडून मध्ये उभे राहण्याचे धैर्य दाखविले, म्हणून ते वाचले.

त्याच दिवशी, उतरण्यापूर्वी, तेथील एका वृत्तपत्राचा बातमीदार त्यांस भेटला होता. त्याने एकेक आरोप पुढे मांडला. गांधीजींनी हिंदुस्थानात जी भाषणे केली ती मेहतांच्या सल्ल्यामुळे सर्व लिहिलेली होती आणि त्यांच्या प्रती त्यांच्यापाशी होत्या. त्या त्यांनी बातमीदाराच्या हाती दिल्या. आफ्रिकेत आपण याहून कडक शब्दांत जे बोललो, त्याहून एक अक्षरही हिंदुस्थानात अधिक बोललो नाही, हे त्यांनी कागदावरून दाखवून दिले. ही मुलाखत छापून आली आणि मारेकऱ्यांवर फिर्याद करण्याचेही त्यांनी नाकारले. या दोहोंचा परिणाम असा झाला की, दरबानच्या गोऱ्या लोकांस आपल्या वर्तनाची लाज वाटली.

मुंबईस थरथरत्या हाती धरलेल्या त्या छापील भाषणाने दरबानेस अशी साक्ष दिली. आवेशात आयत्या वेळी बोलून टाळ्या मिळविल्या असत्या, तर कोणता शब्द आपला आणि कोणता बातमीदाराचा हे सिद्ध कशाने करावयाचे होते?

आत्मचरित्रात गांधीजींनी या संकोचाचा हिशेब मांडला आहे. जो संकोच पूर्वी जाचत असे तोच पुढे सुखाचा वाटू लागला, कारण त्याने त्यांस शब्द काटकसरीने वापरावयास शिकविले. अविचाराचा शब्द जिभेवरून वा लेखणीतून सहसा निसटत नाही, असे ते म्हणतात. त्यांचा आवाज पुढेही मृदूच राहिला. मेहतांसारखा सभा दणाणून सोडणारा कंठ त्यांस कधीच लाभला नाही. संकोच आपोआप गुण होतो असेही नाही. व्हेंटनरला किंवा न्यायालयात त्याचा कोणास काहीच उपयोग झाला नव्हता. प्रत्येक शब्द आधी तोलून, लिहून आणि खरा आहे ना हे पाहून घेण्याच्या सवयीची जोड मिळाली, तेव्हाच तो फळास आला.

तेव्हा पुढच्या स्पर्धेत कोणी तिसऱ्या वाक्याशी अडला, तर त्याला घरी दोन निरनिराळे प्रश्न विचारावे. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला काय? आणि जे सांगावयाचे होते ते दुसऱ्याने वाचले असते तर लोकांनी ऐकले असते काय? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल तर महिनाभर रिकाम्या दिवाणखान्यात सराव करावा. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर दोष कंठात नाही. त्याने कागद पुढे घेऊन पुन्हा लिहावयास बसावे.