वृद्ध आईवडिलांची सेवा : पतिपत्नींमधील वाटणी

मुलाने आईवडिलांना सांभाळावे, हा आपल्या समाजातील जुना संकेत होय. परंतु प्रत्यक्ष घरात डोकावून पाहिले, तर कर्तव्य मुलाचे आणि काम सुनेचे, अशी वाटणी बहुधा आढळून येते. मुलगा औषधपाण्याचा खर्च करतो. अंथरूण बदलणे, भरवणे, रात्री उठणे हे सुनेच्या वाट्याला येते. त्याच सुनेचे स्वतःचे आईवडील गावी एकटे असले, तर त्यांच्याकडे जाणे ही मात्र तिला मिळालेली सवलत समजली जाते.

कायदा काय सांगतो

कायद्याची भूमिका या रूढीपेक्षा वेगळी आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २० नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या वृद्ध आईवडिलांचे पोषण करण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी या दोघांवरही आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ याच्या कलम १२५ मध्ये आईवडिलांना निर्वाहखर्च मागता येत असे. त्या कलमाखाली विवाहित मुलीवरही, तिला स्वतःचे पुरेसे उत्पन्न असल्यास, ही जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली केलेल्या कायद्यात ‘अपत्य’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा समावेश केला आहे. मूळ व्याख्येत सून किंवा जावई नाही. २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात त्यांचा समावेश सुचविला होता. परंतु त्या लोकसभेच्या मुदतीत ते संमत झाले नाही.

याचा अर्थ असा की, सासूसासऱ्यांची सेवा सून करते, ती पतीचे कर्तव्य पार पाडण्यास हातभार लावते. आणि स्वतःच्या आईवडिलांकडे जाते, तेव्हा ती आपले कर्तव्य करीत असते. रूढीने या दोन्ही गोष्टी नेमक्या उलट धरल्या आहेत. मात्र कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. न्यायाधिकरण दरमहाची रक्कम ठरवून देऊ शकते. रात्री कोणी उठावे, हे ते ठरवू शकत नाही. तो निर्णय घरातच व्हावा लागतो.

कामाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी राहणारे एक दांपत्य आहे. पती पंचायत समितीत लिपिक व पत्नी प्राथमिक शिक्षिका. पतीच्या मातोश्री ७८ वर्षांच्या असून पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली आहे. दिवसा दोघे कामावर असताना एक बाई घरी येते. पत्नीचे वडील चाळीस किलोमीटरवरील खेड्यात एकटे राहतात.

उरलेल्या वेळात आईंसाठी रोज काय करावे लागते, ते दोघांनी एका वहीत आठवडाभर लिहून काढले. सकाळी तोंड धुणे, शौच, अंग पुसणे व चादर बदलणे यास ६० मिनिटे, सकाळचे भरवणे ३०, मऊ अन्न वेगळे शिजविणे ४०, रात्रीचे भरवणे ३०, खराब कपडे धुणे ३०, औषधे देणे १० आणि रात्री चार वेळा कूस बदलण्यासाठी प्रत्येकी १० प्रमाणे ४०. ही २४० मिनिटे, म्हणजे चार तास, पत्नीचे होते. पती संध्याकाळी हातापायांचा व्यायाम करवून घेई व औषधे आणी. त्याची सरासरी ४५ मिनिटे झाली. बाईचा पगार आपण देतो, म्हणून आपला वाटा पूर्ण होतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

हे घर अपवादात्मक नव्हे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातील मुले, आजारी व वृद्ध यांची काळजी घेणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातील स्त्रिया त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे, तर पुरुष सुमारे ७४ मिनिटे देतात, असे दिसून आले.

वाटणी कशी करावी

वरील यादीत दोन प्रकारची कामे आहेत. औषधे आणणे हे काम आज नाही तर उद्या करता येते. कूस बदलणे व भरवणे ही वेळेला बांधलेली कामे आहेत. थकवा येतो तो मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या कामांनी. म्हणून केवळ मिनिटे मोजून भागत नाही. वेळेला बांधलेली कामे कोणाकडे आहेत, हेही पाहावे लागते.

या दांपत्याने पुढीलप्रमाणे बदल केला. सकाळचे भरवणे, कपडे धुणे व औषधे देणे पतीने घेतले. रात्रपाळी एका आड एक रात्र वाटून घेतली. त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्या रात्री अखंड झोप मिळू लागली. आता पतीची सरासरी १३५ मिनिटे व पत्नीची १५० मिनिटे होतात. सकाळची स्वच्छता पत्नीकडेच राहिली, कारण आईंना मुलाच्या हातून ते करून घेण्याचा संकोच वाटे. वृद्ध व्यक्तीची इच्छा हीही वाटणीतील एक बाजू होय. तेवढ्यापुरती विषमता अन्यायाची नव्हे.

काम घेणाऱ्याने ते शिकूनही घ्यावे लागते. पक्षाघाताच्या रुग्णास उठवून बसवून, मान किंचित पुढे झुकलेली असताना, लहान घासांनी भरवावे. भरवताना ठसका लागू लागला किंवा आवाज घोगरा झाला, तर थांबून डॉक्टरांना विचारावे. कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी आणि माकडहाड, खुबा व टाचा रोज पाहाव्यात. तांबडी झालेली जागा बोटाने दाबली असता फिकी होत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजावी. हे पाहण्याची आठवण पत्नीने रोज करून द्यावी लागत असेल, तर काम वाटले गेले, पण जबाबदारी वाटली गेली नाही, असे म्हणावे लागेल.

दुसऱ्या बाजूचे आईवडील

पत्नीच्या वडिलांसाठी दर पंधरा दिवसांनी एक रविवार ठरविण्यात आला. त्या दिवशी आईंची सारी कामे पती करतो. वडिलांच्या औषधांचा खर्च ‘तिच्या पगारातून’ न होता घरखर्चातून होतो. पत्नीच्या भावाने निम्मा भार उचलावा, हे मात्र तिने स्वतः त्याच्याशी बोलून ठरविले. पतीच्या बहिणीशीही तसेच बोलणे झाले. ती मे महिन्यात पंधरा दिवस आईंना आपल्याकडे नेते. कर्तव्य अपत्याचे असल्याने आपल्या भावंडांशी बोलणी त्या त्या अपत्यानेच करावीत, म्हणजे सुनेवर किंवा जावयावर वाईटपणा येत नाही.

निर्वाहखर्चाचे अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे येतात. त्याआधीची कुरकुर बहुधा सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी किंवा शिक्षक यांच्या कानी येते. ‘सून पाहत नाही’ अशी तक्रार आली, तर प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात : रात्री कोण उठते, दवाखान्यासाठी रजा कोण काढते, आणि सून आपल्या आईवडिलांकडे शेवटची केव्हा गेली. तिन्ही उत्तरांत भार एकाच व्यक्तीवर पडलेला दिसला, तर समजुतीचे बोलणे सुनेशी नव्हे, मुलाशी करावे लागेल.