भाडेकरूला सफाईची यादी कशी द्यावी?

प्रश्न : पुण्यातला आमचा फ्लॅट भाडेकरू महिनाअखेर सोडताहेत. डिपॉझिटवरून वाद नको. सफाईची यादी कशी द्यावी?

उत्तर : निदान आठवडाभर आधी द्या, आणि कामं करायच्या क्रमानेच लिहा.

पंखे : सुरुवात इथून, कारण धूळ खाली पडते. पंखा बंद करून जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा आणि दाबून ओढायचा. धूळ आतच राहते. मग साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायचं. पातं वाकवायचं नाही, नाहीतर पंखा डुगडुगतो.

भिंती : आधी कोपऱ्यात ओलं बोट घासून बघायला सांगा. बोटाला रंग लागला तर ते साधं डिस्टेंपर; तिथे कोरडंच फडकं. खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवून, वाळल्यावर पॉलिश पेपर मारावा. वरून रंग लावू नये, ठिगळ उठून दिसतं. रंग उडणं ही नेहमीच्या वापरातली झीज आहे, ती भाडेकरूकडून वसूल करू नका.

बाथरूम : बोअरच्या पाण्याचे पांढरे थर साबणाने निघत नाहीत. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवून, त्यात भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळावं, मग घासून धुवावं. संगमरवर किंवा कडप्प्यावर मात्र हे पाणी सांडू देऊ नये, डाग पडतो. ‘अ‍ॅसिड वापरू नये’ हे ठळक लिहा : नळाची चकाकी जाते, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू होतो.

शेवटी दोघांनी मिळून घर बघा, फोटो काढा, यादीवर सह्या करा.